रिकाम्या ओट्यांची नोंद

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी घेतलेला प्रश्न एका ओळीचा होता. मुंबईच्या मंडईत मासे विकणाऱ्या कोळणी धंदा का सोडतात? आमच्या घरी मासे आणायचं काम आईचं. तिच्या ठरलेल्या कोळणी एकेक करत दिसेनाशा झाल्या, आणि दर वेळी नवी माणसं, नवा भाव, नवी घासाघीस सुरू व्हायची. त्या बायका गेल्या कुठे, असं ती सहज म्हणायची आणि पिशवी उचलायची. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं.

समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला जी पद्धत सगळ्यात आधी सुचते तीच मी निवडली. एक मंडई घ्यायची, तिथल्या कोळणींचं सर्वेक्षण करायचं. मंडईतल्या ओट्यांना क्रमांक असतात, त्यामुळे नमुना काढणं सोपं होतं. दर तिसरा ओटा घ्यायचा. ओटा रिकामा असेल तर त्याच्या पुढचा घ्यायचा आणि फॉर्मवर ‘अनुपलब्ध, बदली घेतला’ असं लिहायचं. प्रश्नावलीत वय, धंद्यातली वर्षं, माल कुठून येतो, रोजचा खर्च, आणि मग अडचणींची यादी, जिला बाईनं स्वतः क्रम लावायचा. शेवटी पाच पायऱ्यांचा एक प्रश्न होता: येत्या पाच वर्षांत तुम्ही धंदा सोडण्याची शक्यता किती? ‘अजिबात नाही’पासून ‘नक्की सोडणार’पर्यंत. सोडू म्हणणाऱ्या आणि न सोडणाऱ्या असे दोन गट पाडायचे, कोणती अडचण कोणत्या गटात जास्त आहे ते काय-स्क्वेअर चाचणीनं बघायचं आणि त्यावरून कारणं काढायची, असा बेत होता. मार्गदर्शक मॅडमनी तो मान्य केला. आधी थोड्या बायकांवर प्रश्नावली तपासून पाहिली. प्रश्न कळत होते, उत्तरं येत होती, शब्द थोडे बदलावे लागले, एवढंच.

मंडईत बोलायचं तर दुपारी. सकाळी गिऱ्हाईक असतं, तेव्हा कोणी मान वर करत नाही. एक वाजून गेला की बायका डबा उघडतात, मासळीवर बर्फ सारतात, गोणपाट ओलं करून टाकतात, आणि मग शेजारी बसायला जागा करून देतात. मी तेव्हा जायचे. फॉर्म भराभर भरत गेले. बर्फ महाग झाला, हमाल जास्त मागतो, गाडीभाडं परवडत नाही, फुटपाथवर बसणारे गिऱ्हाईक बाहेरच अडवतात, आता फोनवरून लोक साफ केलेली मासळी मागवतात. क्रम थोडा इकडेतिकडे, पण यादी तीच. बर्फ जवळजवळ प्रत्येकीच्या यादीत वरच्या दोनांत होता.

पाच पायऱ्यांच्या प्रश्नाला मात्र बहुतेक सगळ्यांनी एकच खूण करायला लावली: अजिबात नाही. एक मावशी तर रागावल्याच. “सोडून काय करू गो? घरात बसून भिंती बघू?” ज्या गटाची कारणं शोधायची होती तो गट माझ्या कागदांवर तयारच होत नव्हता. मला वाटलं, प्रश्न बोचरा आहे, मवाळ करू. ‘सोडण्याची शक्यता’ऐवजी ‘पुढे कमी करण्याचा विचार’ असं लिहून पाहिलं. फरक पडला नाही.

मग एका दुपारी यादीनुसार ज्या ओट्यावर जायचं तो रिकामा निघाला. त्यावर शेजारणीचे थर्माकोलचे डबे एकावर एक रचलेले होते आणि कडेला एक पाटी उपडी घातलेली होती. मी ‘अनुपलब्ध’ लिहायला पेन काढलं. शेजारच्या मावशी पापलेटांवर पाणी मारत होत्या. त्यांनी विचारलं, “तिचं नाव कशाला लिहितेस? ती येत नाय आता.”

“कधीपासून?”

“झाली की वर्षं. परवाना तिच्याच नावावर हाय. मी डबे ठेवते. सणाला कधी येऊन बसते, तेव्हा मी डबे खाली घेते.”

“का नाही येत?”

“ते तिला विचार ना! मी कशी सांगू? मी तर हितंच बसलेय.”

मी फॉर्मांचा गठ्ठा काढून बदली घेतलेले सगळे ओटे बघितले. प्रत्येक ‘अनुपलब्ध’ ही अशीच एक बाई होती. धंदा का सोडतात हे ज्यांना माहीत होतं, त्यांना माझा नियम न चुकता वगळत होता आणि त्यांच्या जागी न सोडलेली बाई बसवत होता. नमुना नीट निवडावा, निकाल एका बाजूला झुकू नये, म्हणून बनवलेला तो नियम होता.

सुरुवातीची तपासणी याबाबतीत काहीच सांगू शकली नव्हती, आणि ते साहजिक होतं. तपासणीत कळतं ते एवढंच की समोरच्या बाईला प्रश्न समजतो का. जिला उत्तर माहीत आहे ती समोर आहे का, हे त्यात तपासलं जातच नाही.

यातून नुकसान किती होतं ते मी त्या रात्री वहीत मांडून पाहिलं. आकडे कल्पनेतले आहेत, पण हिशेब खरा आहे. समजा, पूर्वी मंडईत १०० कोळणी बसायच्या. त्यातल्या ५० जणींच्या घरची होडी होती, म्हणजे माल घरचा. उरलेल्या ५० धक्क्यावर लिलावात माल घ्यायच्या. समजा, होडीवाल्यांतल्या १० जणींनी धंदा सोडला आणि लिलाववाल्यांतल्या ४० जणींनी. आज मंडईत ५० बायका आहेत, ४० होडीवाल्या आणि १० लिलाववाल्या. आता मी फॉर्म घेऊन जाते. बर्फ महाग आहे असं ५० पैकी ५० म्हणतात, कारण बर्फ सगळ्यांनाच लागतो. लिलावाचा त्रास फक्त १० जणी सांगतात. माझ्या तक्त्यात बर्फ पहिला येतो आणि लिलाव तळाला जातो. प्रत्यक्षात गेलेल्या ५० जणींपैकी ४० लिलाववाल्या होत्या, आणि बर्फ तर राहिलेल्यांना आणि गेलेल्यांना सारखाच महाग होता.

म्हणजे एखादं कारण बायकांना जितक्या जोरानं बाहेर काढतं, तितकं ते उरलेल्यांच्या उत्तरांत कमी दिसतं. फॉर्म दुप्पट भरले असते तरी हे सुधारलं नसतं. तक्ता तोच राहिला असता, फक्त मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला असता.

दुसरीकडून काही मिळेल का, तेही पाहिलं. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं २००५, २०१० आणि २०१६ साली केलेल्या सागरी मच्छीमार गणना आहेत. त्यांत मासेविक्री, सुकवणं, कोळंबी सोलणं अशा कामांत किती माणसं आहेत ते मिळतं. पण एका गणनेतली बाई पुढच्या गणनेत कुठे गेली हे त्यावरून कळत नाही. दोन गणनांमधला फरक म्हणजे आलेल्या वजा गेलेल्या. कोण गेलं आणि जाण्याआधी तिच्या घरात काय घडलं, हे त्या वजाबाकीत उरत नाही. परवान्यांच्या यादीचाही उपयोग नव्हता. डबे रचलेला तो ओटा कागदोपत्री चालूच होता.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी फॉर्म चाळले आणि म्हणाल्या, “तुझी पद्धत चांगली आहे, फक्त ती दुसऱ्या प्रश्नाची आहे. या बायका कशा टिकल्या, असं विचारलंस तर हे सगळं वापरता येईल. प्रश्न बदल, नाहीतर पद्धत बदल. दोन्ही ठेवता येणार नाहीत.”

प्रश्न बदलणं सोपं होतं. काम निम्म्याहून जास्त झालेलं होतं आणि प्रबंध वेळेत गेला असता. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी तोच सल्ला दिला आणि त्यात गैर काही नव्हतं. पण टिकलेल्या बायकांची गोष्ट सांगणारे पुष्कळ असतात, त्या समोर दिसतात. गेलेल्यांना कोणी विचारत नाही. मी प्रश्न ठेवला.

नव्या पद्धतीत मी बाई सोडून ओटा धरला. प्रत्येक ओट्यासाठी एक पान. आज कोण बसतं, तिच्या आधी कोण बसायचं, कधीपासून कधीपर्यंत, नातं काय, आणि ती आता कुठे असते. हे एका बाईला विचारून भागत नाही. ओट्यावर बसणारीला आपल्या सासूपर्यंतचं माहीत असतं, पण समोरच्या रांगेतल्या म्हातारीला तिच्याही मागचं आठवतं. दोन शेजारणी आणि समोरची एक, अशा तिघींना विचारलं की बहुतेक पानं भरत. तिघींचं जुळलं नाही तर तसंच लिहून ठेवायचं. आता रिकामा ओटा वगळायचा नव्हता. उलट तिथूनच सुरुवात करायची होती.

मग त्या बायकांना घरी जाऊन भेटणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मंडई निम्मी ओस पडते, त्यामुळे पावसाळ्यात कोळीवाड्यात सोडलेल्या आणि न सोडलेल्या अशा दोन्ही बायका घरी सापडतात. वरळी, माहीम, खारदांडा, जिथला पत्ता मिळाला तिथे गेले.

इथे दुसरी अडचण आली. धंदा का सोडला, असं थेट विचारलं की उत्तर तयार असतं: गुडघे. नाहीतर सुनेचं बाळंतपण. हे खोटं नसतं, पण वर्षानुवर्षं लोकांना सांगून सांगून एकाच वाक्यात बसलेलं असतं. म्हणून मी ‘का’ विचारणंच बंद केलं. आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच विचारायचं. सन कोणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी भरवसा नसतो, म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या तारखा कागदावर आधीच ओढून ठेवल्या. २६ जुलै २००५चा पाऊस. जून २००९ला वांद्रे-वरळी सी-लिंक सुरू झाला तो. नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी. मार्च २०२०चं लॉकडाऊन. मे २०२१चं तौक्ते वादळ. त्याखाली घरातल्या तारखा, मुलीचं लग्न, सासूचं जाणं, नातवाचा जन्म. मग धंद्यातली प्रत्येक गोष्ट या दोन रेघांच्या आधी की नंतर, एवढंच ठरवायचं.

वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींचं पान मी इथे पूर्ण सांगते, कारण पद्धत बदलल्यानं काय दिसायला लागलं ते त्यात आहे. डबे रचलेला तो ओटा यांचाच.

दारात पाय ठेवताच त्यांनी सांगितलं, गुडघ्यांनी सोडायला लावलं. चहा झाला, मी रेघा ओढलेला कागद पसरला. गुडघे कधी दुखायला लागले? “२६ जुलैला मंडईत पाण्यात उभी राहिले ना, तेव्हापासून.” मंडईत शेवटची रोज कधी बसलीस, हे विचारल्यावर थोडं मागेपुढे झालं. लॉकडाऊन लागलं तेव्हा त्या घरीच होत्या, हे पक्कं होतं. नातवाची पहिली शाळा आणि त्यांचं मंडई बंद करणं एकाच गणपतीतलं. ते २०१९ निघालं. म्हणजे दुखरे गुडघे घेऊन त्या १४ वर्षं बसल्या होत्या.

मग मधली वर्षं भरली. घरची होडी होती, डोल जाळ्यावर बोंबील, करंदी मिळायची. सी-लिंक सुरू झाला त्या वर्षीच्या दिवाळीत होडी विकली. त्याआधी माल घरचा, पैसे नंतर. त्यानंतर रोज पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलाव, आणि हातात रोकड. एकट्या बाईला टेम्पो परवडत नाही, म्हणून चौघींनी मिळून ठरवलेला. भाडं ८००, प्रत्येकीला २००. खर्च वजा जाता दिवसाला पाचशेच्या आसपास हाती उरायचे. नोटबंदीत लिलावाची रोकड मिळेना, चौघींपैकी एक घरी बसली ती परत आलीच नाही. आता भाडं तिघींत, २६७. पुढे दुसरीच्या मुलीचं बाळंतपण झालं आणि ती मुलीकडे राहायला गेली. उरल्या दोघी, प्रत्येकी ४००. पाचशेतले दोनशे नुसते तिथेच गेले.

“मग?”

“मग तिच्या पोरानं गाडी घेतली. स्कूटर. दोन डबे पुढं, आई मागं. तिचं चांगलं झालं.” हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. “माझ्यावर अख्खा टेम्पो आला. टॅक्सीवाला मासळी डिकीत घेत नाय. थोडे दिवस ओढलं.”

त्यानंतर त्या स्वतःच कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “गुडघे तर होतेच गो. पण टेम्पो असता तर बसले असते.”

त्या स्कूटरवाल्या मावशींचा फॉर्म माझ्या जुन्या गठ्ठ्यात होता. घरी आल्या आल्या काढला. अडचणी क्रमानं: बर्फ, हमाली, फुटपाथवरचे विक्रेते. टेम्पोचा उल्लेखही नव्हता, कारण त्यांना टेम्पो लागतच नव्हता. त्यांची अडचण सुटली होती, म्हणूनच त्या माझ्या नमुन्यात होत्या. आणि ती ज्या दिवशी सुटली त्या दिवसापासून दुसरीला टिकाव धरणं कठीण झालं होतं.

इथून पुढे मी एकेकटी बाई घेणं थांबवलं आणि एका टेम्पोतल्या बायका एकत्र घेतल्या. एकच धक्का, एकच मंडई, तीच वर्षं, आणि त्यातली एक गेली, एक राहिली. बाकी सगळं सारखं असल्यामुळे दोघींमध्ये फरक काय होता ते स्पष्ट दिसतं. जिथे जोडी मिळाली तिथे फरक बहुतेकदा घरातल्या दुसऱ्या माणसाचा निघाला: पहाटे सोबत येणारा मुलगा, ओटा उघडून मांडणारी सून, उधारीवर माल देणारा नात्यातला नाखवा. आजारपण दोन्हीकडे होतं. वय दोन्हीकडे होतं. आणि टेम्पो एकदा चौघींवरून खाली यायला लागला की तो तिथे थांबत नाही. पहिली गेली की उरलेल्यांचा वाटा वाढतो आणि दुसरीचं जाणं जवळ येतं. हे मंडईत बसून कधीच दिसलं नसतं, कारण प्रत्येक फॉर्मवर एकच बाई असते.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत आणि त्या मी प्रबंधात वेगळ्या पानावर लिहिल्या. ज्या बायका वारल्या किंवा मुंबई सोडून गेल्या त्या मिळाल्या नाहीत, आणि त्यांची कारणं वेगळी असू शकतात. शेजारणींच्या आठवणीत भांडखोर किंवा लाडकी कोळीण टिकते, गप्प बसणारी विसरली जाते, म्हणून काही ओट्यांच्या पानांवर मध्ये मोकळी वर्षं राहिली. ती मी अंदाजानं भरली नाहीत. आणि ज्या सोडून गेल्या म्हणून मी शोधत होते, त्यांतल्या कित्येकींनी पूर्ण सोडलेलंच नव्हतं. वरळीच्या मावशी रविवारी कोळीवाड्यातल्याच शेजारणीकडून माल घेतात आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोनवर विचारून घरूनच देतात. त्यांना मी कोणत्या रकान्यात घालणार होते? शेवटी दोन रकाने काढूनच टाकले आणि प्रत्येकीचं काम कोणत्या वर्षी कशानं कमी झालं, याचा क्रम लिहिला.

आधी भरलेले फॉर्म फेकले नाहीत. रोजच्या खर्चाचा एक छोटा भाग त्यांच्यावर उभा राहिला. बर्फ, हमाली, भाडं, यांची आजची विभागणी त्यांतून नीट मिळते, आणि तेवढंच त्यांच्यावरून सांगितलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, टेम्पोतली भागी मोडल्यामुळे किती टक्के बायकांनी धंदा सोडला? मी म्हटलं, हे या अभ्यासावरून सांगता येणार नाही. गेलेल्या सगळ्या बायकांची यादी माझ्याकडे नाही, मला सापडलेल्यांची आहे. कोणत्या क्रमानं गोष्टी घडत गेल्या ते मी दाखवू शकते, त्या किती जणींच्या बाबतीत घडल्या ते नाही. टक्केवारी हवी असेल तर आजपासून प्रत्येक ओट्याची दर वर्षी नोंद ठेवायला लागेल, बसणारीचीही आणि रिकाम्याचीही, आणि माल कोणाच्या सोबत येतो तेही लिहायला लागेल. त्यांनी विचारलं, ती कोण ठेवणार? मी दोन मंडयांची पानं पुढच्या वर्षासाठी आखून ठेवली होती, ती त्यांना दाखवली.